अण्णांची एक गोळी आणि कपाटातली तीन पाकिटं

माझे वडील, अण्णा, ६६ वर्षांचे. नऊ वर्षांपासून बीपी आहे. ते आणि आई गावी असतात, मी पुण्यात. आतापर्यंत तीन गोळ्या होत्या, सकाळी दोन आणि रात्री एक. अण्णा सगळ्या अगदी वेळेवर घेतात, तरी गेल्या वेळी बीपी १६२/९४ भरलं. नव्या डॉक्टरांनी तिन्ही बंद करून तिघींची मिळून एकच गोळी दिली. पहिल्याच आठवड्यात अण्णांना उठताना चक्कर यायला लागली. ‘एकात तीन म्हणजे जड गोळी’ म्हणत ते आता ती अर्धी करून घेतात. काका सांगतात, सरकारनं असल्या मिक्स गोळ्यांवर बंदी घातली आहे. कपाट आवरताना जुन्यातल्या एका गोळीची तीन पाकिटं तशीच सापडली, त्यांचं काय करू? आणि डॉक्टरांना सांगून पुन्हा तीन वेगळ्या गोळ्या सुरू करून घ्याव्यात का? दोन्ही चिठ्ठ्यांचे आणि पाकिटाचा फोटो जोडते आहे.
— एक लेक, पुणे

ताई,

फोटो पाठवलेत ते बरं केलंत. मी डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून सव्वीस वर्षं झाली. म्हणून गोळी बदला किंवा बदलू नका हे मी सांगणार नाही, तो डॉक्टरांचा अधिकार. पण चिठ्ठी वाचणं आणि पाकिटं मोजणं हे माझं रोजचं काम आहे, तेवढं तुमच्यासाठी करतो.

आधी चिठ्ठ्या. जुन्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम सकाळी, क्लोरथॅलिडोन १२.५ सकाळी आणि ॲम्लोडिपिन ५ रात्री. नव्या गोळीत काय आहे? टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, क्लोरथॅलिडोन १२.५. एक मिलिग्रॅम इकडचं तिकडे नाही. तिन्ही औषधं मिळून साडेसत्तावन्न मिलिग्रॅम होतात, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. गोळी हाताला मोठी लागते ती तिला आकार देणाऱ्या, बांधून ठेवणाऱ्या भुकटीमुळे. तेव्हा ‘जड गोळी’ ही अण्णांची समजूत कागदावर तरी टिकत नाही.

पण चक्कर खोटी नाही. औषध तेच आणि तेवढंच असेल, तर मग चक्कर आता का यायला लागली? याचं उत्तर मला तुमच्या पत्रात शेवटी, सहज विचारल्यासारख्या आलेल्या वाक्यात दिसतं. कपाटातली तीन पाकिटं.

फोटोतल्या पाकिटावर क्लोरथॅलिडोन लिहिलेलं वाचता येतं. दहा-दहाची तीन पाकिटं, म्हणजे तीस गोळ्या. तिन्ही औषधं एकाच वेळी, सारख्याच दिवसांची आणली जात असतील आणि बाकीच्या दोन संपून ही तेवढी उरली असेल, तर सरळ हिशेब आहे: तीस दिवस अण्णांनी ही गोळी घेतलेली नाही. हे वर्षभरात झालं की दोन महिन्यांत, ते मेडिकलची बिलं पाहिलीत तर कळेल. क्लोरथॅलिडोन म्हणजे आपण जिला ‘लघवीची गोळी’ म्हणतो ती. शरीरातलं जादा मीठ आणि पाणी ती मूत्रावाटे काढते. एसटीनं कुठे जायचं असलं, लग्नाला किंवा कोर्टाच्या तारखेला जायचं असलं, की माणसं हीच गोळी हळूच बाजूला ठेवतात. त्यात लबाडी नसते. ‘आज नको, वाटेत पंचाईत व्हायची’ एवढाच विचार असतो. मग तो आज आठवड्यातून तीनदा येतो. विचारलं तर ते ‘सगळ्या वेळेवर घेतो’ म्हणणार, आणि त्यांच्या मनाशी ते खरंही असतं. ज्या गोळ्या घेतल्या त्या वेळेवरच घेतल्या.

आता डॉक्टरांच्या बाजूनं पाहा. त्यांच्यासमोर चिठ्ठीत तीन औषधं आणि यंत्रावर १६२. त्यांना वाटणार, तिन्ही औषधं पोटात जाऊनही दाब उतरत नाही. प्रत्यक्षात अण्णांचं शरीर बऱ्याच दिवशी दोनच औषधांवर चाललं होतं. एकच गोळी सुरू झाली आणि कदाचित बऱ्याच काळानंतर पहिल्यांदा तिन्ही औषधं रोज, न चुकता आत गेली. दाब खरोखर उतरला, आणि चक्कर त्याचीच असू शकते. एकत्रित गोळीचा हा गुण फार थोडे लोक सांगतात. चिठ्ठीवर लिहिलेलं औषध आणि पोटात जाणारं औषध यांत जे अंतर पडलेलं असतं, ते ती एका आठवड्यात उघडं पाडते.

दुसरी एक शक्यता आहे आणि ती मी काउंटरवर जास्त पाहिली आहे. रात्रीची ॲम्लोडिपिन बंद झाली, हे आईला कुणी सांगितलं का? मागे एक आजोबा दोन्ही घोटे सुजलेले घेऊन आले होते, चपलेचा पट्टा रुतून वण पडलेला. त्यांनाही अशीच एकत्रित गोळी नव्यानं सुरू झाली होती. पिशवी ओतायला सांगितली तर आत नवं पाकीट, आणि जुन्या ॲम्लोडिपिनचं अर्धं संपलेलं पाकीटही. आजी रात्री जेवणानंतर नेमानं ती गोळी त्यांच्या तळहातावर ठेवत होत्या, कारण पाच वर्षं तसंच चाललं होतं. सकाळचे पाच आणि रात्रीचे पाच मिळून दहा मिलिग्रॅम होत होते. ॲम्लोडिपिनच्या दहाच्या मात्रेवर घोटे सुजणं ही नेहमीची तक्रार आहे. नवीन गोळी सुरू झाली की जुन्यांपैकी काय काय बंद, ते चिठ्ठीवर अक्षरांत लिहून घ्यावं आणि ती पाकिटं त्याच दिवशी घरातून हलवावीत. पाकिटावरच्या नावामागची अक्षरंही वाचायला शिका: ‘एएम’ म्हणजे बहुधा ॲम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड ही दुसरी एक लघवीची गोळी, ‘सीटी’ म्हणजे बहुधा क्लोरथॅलिडोन. अक्षरं कंपनीगणिक बदलतात, म्हणून खात्री करायची ती मागच्या बाजूला बारीक छापलेल्या घटकांवरून.

आता अण्णांचा खरा प्रश्न: एकाच दुखण्याला तीन औषधं कशाला? एकच मोठं दिलं तर?

शरीर मोठं हट्टी असतं. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं, की मूत्रपिंडाला वाटतं दाब पडला, आणि ते वाहिन्या पुन्हा आवळणारी रसायनं सोडायला लागतं. टेल्मिसार्टन नेमकी तीच वाट अडवतं. क्लोरथॅलिडोन मीठ-पाणी काढतं, तेव्हाही शरीर तोच उलटा डाव टाकतं, आणि तोही टेल्मिसार्टनच अडवतं. एकच औषध दुप्पट केलं तर हा उलटा डाव मोडत नाही. दाब थोडासाच आणखी उतरतो आणि त्रास मात्र वाढतो. सन २००९मध्ये ४२ चाचण्या एकत्र मांडून केलेल्या अभ्यासात दिसलं, की एकाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातलं औषध जोडल्यानं दाब जवळपास पाचपट जास्त उतरतो. शिवाय ही औषधं एकमेकांचे दोष झाकतात. ॲम्लोडिपिननं येणारी घोट्याची सूज टेल्मिसार्टनमुळे कमी होते. क्लोरथॅलिडोन रक्तातलं पोटॅशियम उतरवतं, टेल्मिसार्टन ते थोडं चढवतं. म्हणजे ही तिघं योगायोगानं एका गोळीत बसलेली नाहीत.

याच ठिकाणी काकांचं म्हणणं तपासू. ते अगदी निराधार बोलत नाहीत. आपल्याकडे मार्च २०१६मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली, कंपन्या कोर्टात गेल्या, फेरतपासणी होऊन सप्टेंबर २०१८मध्ये ३२८ बंद झाली, आणि ऑगस्ट २०२४मध्ये आणखी १५६. पण बंदीचं कारण ‘दोन औषधं एकत्र आहेत’ हे नव्हतं. एकत्र करायला वैद्यकीय कारणच नाही, असं तज्ज्ञांना ज्यांच्याबद्दल वाटलं ती गेली. सर्दी-ताप-अंगदुखीची ठिगळं लावलेली मिश्रणं त्यांत पुष्कळ होती. तापाला एक, नाकाला एक, ॲलर्जीला एक, आणि रोग्याला यांतलं कदाचित एकच हवं. बीपीच्या गोळीत तिन्ही औषधं एकाच दुखण्यावर, वेगवेगळ्या वाटांनी काम करतात. प्रत्येकाचा परिणाम साधारण दिवसभर टिकतो आणि रोग्याला ती तिन्ही रोजच लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये बीपीच्या एकत्रित गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या आणि २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत, दोन औषधं द्यायची तर शक्यतो एकाच गोळीतून द्या, असं म्हटलं. काकांना सांगा, बंदीची यादी खरी, पण नाव वाचल्याशिवाय ती सगळ्यांना लावू नका.

नियमितपणाचं गणित मी गिऱ्हाइकांना असं सांगतो. समजा माणूस नीटनेटका आहे, दहातला एखादाच दिवस विसरतो. गोळी एक असेल तर महिन्याचे सत्तावीस दिवस बरोबर गेले. गोळ्या तीन असतील आणि प्रत्येक वेगवेगळ्या दिवशी विसरली जात असेल, तर तिन्ही नीट घेतल्याचे दिवस उरतात एकवीसच्या आसपास. त्यात पाकिटांची आपली खास भानगड असते. एक पाकीट दहाचं येतं, दुसरं पंधराचं, एखादं चौदाचं. पहिल्या महिन्यात तिन्ही बरोबर आणली तरी दुसऱ्या महिन्यात एक आज संपतं, दुसरं पाच दिवसांनी. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावरच औषध आणायचं, असं घर असेल तर ती मधली पाच दिवसांची फट दर महिन्याला पडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. रात्रीची वेगळी गोळी हा आणखी एक सांधा. जेवण उशिरा झालं, पाहुणे आले, झोप लागली, की ती गेलीच.

आकड्यांत पाहायचं तर भारतात आणि युरोपात मिळून २००४ लोकांवर झालेली एक चाचणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा धोका असलेल्यांना बीपीची दोन औषधं, कोलेस्टेरॉलचं एक आणि ॲस्पिरिन एकाच गोळीत दिलं. शेवटी एक गोळीवाल्यांत ८६ टक्के नियमित होते, नेहमीच्या पद्धतीनं घेणाऱ्यांत ६५. मला त्याहून बोलका वाटतो तो आतला तपशील. जे मुळात नियमित घेतच नव्हते त्यांच्यात हा फरक ७७ विरुद्ध २३ असा होता. आणि हेही सांगायला हवं, की सगळ्यांची सरासरी काढली तर बीपीतला फरक लहानच निघाला. जो आधीच न चुकता चार गोळ्या घेतो, त्याला एक गोळी फार काही जास्त देत नाही, थोडी सोय देते. ज्याच्या कपाटात पाकिटं उरतात, त्याला ती खूप देते. अण्णा कुठल्या गटात आहेत, ते तुमच्या तीन पाकिटांनी सांगितलं आहे.

अर्धी गोळी मात्र आज, आत्ता थांबवा. म्हणजे औषध थांबवा असं नव्हे, तोडणं थांबवा. टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिनच्या पुष्कळ गोळ्या दोन थरांच्या असतात. नीट पाहा, कडेवर दोन रंग दिसतील. दोन औषधांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून त्यांना वेगळे थर दिलेले असतात. विळीवर किंवा सुरीनं तोडली की थर समान तुटतीलच असं नाही, भुगा ताटलीत राहतो, आणि आज कशाचं किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय टेल्मिसार्टन हवेतली ओल फार पटकन शोषतं. उरलेला अर्धा तुकडा दुसऱ्या दिवसापर्यंत कागदात गुंडाळून ठेवणं हे त्याच्यासाठी वाईटच, पावसाळ्यात तर फारच. त्याच कारणानं ही गोळी आठवड्याच्या डबीत आधी काढून भरू नये. घ्यायच्या वेळीच पाकिटातून फोडावी. डबीची सवय असेल तर पाकीट कापून, गोळी फॉइलसकट डबीत ठेवा. आणि मुळात अर्धी केली म्हणजे तिन्ही औषधं अर्धी होतात. कदाचित एकच कमी करायचं असेल, तर ते तोडून साधत नाही.

मग करायचं काय? या रविवारी गावी जात असाल तर बीपीचं यंत्र घेऊन जा, दंडावर बांधायचं, मनगटाचं नको. सकाळी, गोळीच्या आधी, अण्णांना पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसवा. चहा नंतर. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मग उभं करा आणि एका मिनिटानं व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा बसल्यापेक्षा वीस किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा दहा किंवा जास्त, तर चक्कर त्याची आहे. सोमवारची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधार येऊन पडले, तर फोनही नाही, सरळ दवाखाना. आकडे ठीक असतील तर आठवडाभर आईला रोज सकाळ-संध्याकाळ तसंच लिहून ठेवायला सांगा. घरी मोजलेल्या दाबाची सरासरी १३५/८५च्या खाली असली की साधारणपणे आवाक्यात समजतात. अण्णांसाठी नेमका आकडा कोणता हवा, ते डॉक्टर सांगतील.

डॉक्टरांकडे जाताना ‘गोळी मानवत नाही’ एवढंच सांगू नका. तेवढंच ऐकलं तर ते औषध बदलतील, आणि ते चुकीच्या माहितीवर होईल. ‘लघवीची गोळी बरेच दिवस घेतली जात नव्हती, आता रोज जाते, आणि गेले काही दिवस अर्धी करून घेतात’ हे तिन्ही सांगा. मग त्यांना पर्याय उघडे होतात. ते याच गोळीची कमी ताकदीची आवृत्ती देऊ शकतात. ‘लघवीची’ वगळून दोनच औषधांची एकत्रित गोळी देऊ शकतात. श्रीलंकेत ७०० लोकांवर झालेल्या चाचणीत हीच तीन औषधं एका गोळीत दिली होती, टेल्मिसार्टन २० आणि ॲम्लोडिपिन २.५, म्हणजे अण्णांच्या निम्मी, आणि क्लोरथॅलिडोन १२.५. सहा महिन्यांनी त्यातल्या ७० टक्के लोकांचा दाब आवाक्यात होता, नेहमीच्या उपचारांत ५५ टक्के. थोडथोडं पण तिन्ही, हाही एक शहाणा मार्ग आहे. डॉक्टरांना क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम कधी तपासायचं तेही विचारा. तिन्ही औषधं आता खरोखर रोज जाताहेत, तर ही तपासणी नव्यानं सुरुवात केल्यासारखीच धरावी.

तीन वेगळ्या गोळ्यांकडे परत जाणं कधी योग्य असतं, हेही सांगतो, कारण असं पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. मात्रा अजून ठरायची असेल, दर पंधरा दिवसांनी एखादं औषध वर-खाली होत असेल, तर वेगळ्याच बऱ्या. एखाद्याला गाऊट असेल, तर क्लोरथॅलिडोननं युरिक ॲसिड वाढतं, त्याच्यासाठी ते काढता आलं पाहिजे. मूत्रपिंड अधू असेल किंवा सोडियम वारंवार पडत असेल, तरीही तेच. मूल होण्याच्या वयातल्या बाईनं तर कुठल्याही एकत्रित गोळीतले घटक आधी वाचावेत. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, आणि ‘बीपीची गोळी’ म्हटलं की ते आत आहे हे लक्षात येत नाही.

एकत्रित गोळीची एक खरी अडचण अण्णांच्या वयात कधीतरी येतेच. जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी गेलं, की टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन बहुधा थांबवावी लागतात, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येतो. वेगळ्या गोळ्या असत्या तर तेवढ्याच थांबवता आल्या असत्या. ‘जुलाब लागले तर या गोळीचं काय करायचं?’ हे आजच विचारून चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. रात्री दोन वाजता ते विचारायला कुणी नसतं. आणि गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणायची सवय अण्णांना असेल, तर या गोळीबरोबर ती मोडावी लागेल.

एक दिवस गोळी चुकली तर? तिन्ही एकदम चुकतात, हे खरं. पण ॲम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन शरीरात एका दिवसाहून जास्त रेंगाळतात, त्यामुळे एका चुकीनं आभाळ कोसळत नाही. त्याच दिवशी आठवलं तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाची एकच. दोन कधीच नाही. आणि गावातल्या दुकानात ही एकत्रित गोळी नसेल तर खाडा करू नका. तेच घटक, तेवढेच मिलिग्रॅम वेगळ्या गोळ्यांत मिळतात का, ते डॉक्टरांना फोन करून ठरवा आणि तेवढ्या दिवसांपुरतं चालवा. किमतीचं म्हणाल तर बहुतेक वेळा एक गोळी तिघींपेक्षा स्वस्त पडते, पण नेहमी नाही, दुकानात दोन्ही भाव विचारा.

सकाळची वेळ मात्र बदलू नका, आतली ‘लघवीची’ रात्री घेतली तर झोपेचं खोबरं होईल. एसटीच्या दिवशी काय करायचं हेही अण्णांनी स्वतः डॉक्टरांना विचारावं. पोहोचल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, एवढाच प्रश्न आहे. तो विचारायला त्यांना इतकी वर्षं संकोच वाटला असावा.

ती तीन पाकिटं इतक्यात फेकू नका. कपाटातून काढा, आईच्या हाताला लागणार नाहीत अशी तुमच्या पर्समध्ये ठेवा, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ती अण्णांनाच ठेवू द्या.